डब्याचे दोन फोटो

फोटो ओट्यावर ठेवून वरून काढलेला आहे. स्टीलचा दोन कप्प्यांचा डबा. मोठ्या कप्प्यात चार पदरी घडी घातलेल्या दोन चपात्या, छोट्या कप्प्यात बटाट्याची पिवळी भाजी. छोट्या सुट्टीसाठी शेजारी एक डबी, तिच्यात क्रीमची चार बिस्किटं. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. शाळा नऊ ते अडीच. डबा भरला जातो सकाळी सातला, छोटी सुट्टी पावणेअकराला आणि मोठी पाऊण वाजता. फोटोसोबत आईने दोन ओळी लिहिल्या आहेत : "ताई, यात काय कमी आहे ते सांगा. आणि काही पौष्टिक दिलं की तसंच परत येतं, त्याचं काय करू?"

असे फोटो माझ्याकडे पुष्कळ येतात आणि त्यातले बरेचसे या डब्यासारखेच असतात. आईने विचारलेले दोन प्रश्न मात्र वेगवेगळे आहेत. डब्यात काय कमी आहे, याचं उत्तर या फोटोत बऱ्यापैकी सापडतं. डबा परत का येतो, याचं उत्तर या फोटोत नाहीच. त्यासाठी दुसरा फोटो लागतो : दुपारी मुलगी घरी आल्यावर, डबा धुण्याआधी काढलेला. पालक पहिला फोटो उत्साहाने पाठवतात, दुसरा मागावा लागतो. खरी माहिती त्या दुसऱ्यातच असते.

पण आधी पहिला फोटो वाचू.

वरून काढलेल्या फोटोत पदार्थ कळतात, प्रमाण कळत नाही. भाजीचा कप्पा किती खोल आहे, चपात्या केवढ्या आहेत, काही दिसत नाही. म्हणून शेजारी एक चहाचा चमचा ठेवायला सांगते आणि एक फोटो तिरका, बाजूने काढायला सांगते. चमच्याशी ताडून पाहिलं की चपातीचा आकार समजतो. कप्प्याचं माप घ्यायची पद्धत आणखी सोपी आहे. रिकाम्या कप्प्यात पाणी भरायचं आणि ते घरातल्या आमटीच्या वाटीत ओतून बघायचं. घरोघरची मधली वाटी साधारण दीडशे मिलीची असते. या डब्याचा छोटा कप्पा पाऊण वाटीचा निघाला. एकदा हे माप माहीत झालं की पुढे रोज मोजावं लागत नाही. "कप्पाभर" म्हणजे किती, ते डोळ्यांना कळतं.

मग हिशेब. मध्यम चपातीला पंचवीस ते तीस ग्रॅम कणीक लागते. तुपाचं बोट लावलेल्या दोन चपात्यांचे झाले 230 कॅलरीच्या आसपास आणि प्रथिनं सहा ग्रॅम. पाऊण वाटी बटाट्याची भाजी, फोडणीच्या तेलासकट, 110 कॅलरी आणि प्रथिनं जेमतेम दीड ग्रॅम. क्रीमची चार बिस्किटं जवळपास 200 कॅलरी, प्रथिनं दोन ग्रॅम आणि साखर पंधरा ग्रॅमच्या घरात, म्हणजे चहाचे तीन चमचे. सगळं मिळून 540 कॅलरी आणि साडेनऊ ग्रॅम प्रथिनं. हे आकडे अंदाजे आहेत. फोटोवरून याहून अचूक काही काढता येत नाही आणि त्याची गरजही नाही.

याला ताडून बघायला एक चांगलं माप आपल्याकडे आहे. सरकारी शाळांत दुपारी जो पोषण आहार दिला जातो, त्यासाठी केंद्राने प्रमाण ठरवून दिलं आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला एका वेळी 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत. त्यासाठी लागणारा शिधाही ठरलेला आहे : धान्य 100 ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य 20 ग्रॅम, भाजी 50 ग्रॅम, तेल 5 ग्रॅम, सगळं कच्च्या वजनात. डब्याचं माप म्हणून मला हे फार उपयोगाचं वाटतं, कारण त्यात एकही महागडी वस्तू नाही. शिवाय धान्य, डाळ आणि भाजी यांचं एकमेकांशी नातं किती असावं, ते त्यातून दिसतं. धान्याच्या पाचव्या भागाइतकी डाळ आणि निम्मी भाजी.

हे माप फोटोवर ठेवलं की डबा बोलायला लागतो. कॅलरी कमी नाहीत, उलट थोड्या जास्तच आहेत. मुलगी उपाशी राहत नाही. कमी आहे ती डाळ, आणि ती थोडीथोडकी कमी नसून मुळीच नाही. भाजीच्या जागी भाजी दिसते खरी, पण आहारशास्त्रात बटाटा कंदमुळांत मोजतात. पिष्टाचा पदार्थ म्हणून तो चपातीच्या बाजूला जाऊन बसतो. बिस्किटांतही मैदा आणि साखर. म्हणजे तीन वेगवेगळ्या पदार्थांनी डबा भरल्यासारखा वाटला तरी तिन्ही एकाच पारड्यातले आहेत.

ही कमतरता रंगावरूनही ओळखता येते. चपाती फिकट तपकिरी, भाजी पिवळी, बिस्किट तपकिरी. हिरवं, लाल, गडद काहीच नाही. रंग म्हणजे पोषण नव्हे, हे खरं आहे. पिवळं वरण किंवा पांढरं दही फिकट असूनही उत्तम असतं, आणि लालभडक सॉस लाल असूनही उपयोगाचा नसतो. तरीही सगळा डबा एकाच रंगाचा दिसला की भाजी-फळांच्या बाजूने एकदा शोधून बघावं. बहुतेक वेळा तिथे काहीतरी राहून गेलेलं असतं.

डाळीचा आग्रह मी का धरते, तेही सांगते. गव्हाच्या प्रथिनांत लायसिन नावाचा एक घटक कमी असतो. तो कमी पडला की बाकीची प्रथिनं शरीराला बांधणीसाठी पुरेपूर वापरता येत नाहीत. डाळी आणि कडधान्यांत लायसिन भरपूर असतं. त्यांच्यात मेथिओनिन कमी असतं, आणि ते गव्हा-तांदळात असतं. म्हणून वरण-भात, भाकरी-पिठलं, उसळ-चपाती या जोड्या एकमेकांची उणीव भरून काढतात. नुसत्या चपातीतली सहा ग्रॅम प्रथिनं आणि उसळीबरोबर खाल्लेल्या चपातीतली सहा ग्रॅम प्रथिनं कागदावर सारखी दिसतात, शरीराला सारखी मिळत नाहीत. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 23 ग्रॅम प्रथिनं लागतात, असं राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली सांगितलं आहे. आकडा मोठा नाही. पण डबा हा दिवसातला तिसरा हिस्सा असतो. त्यात डाळ नसली आणि घरीही मुलगी आमटीतला फक्त पातळ भाग भातावर घेत असली, तर उणीव रोज साठत जाते.

आता डबा बदलायचा. इथे पालकांची पहिली प्रतिक्रिया असते ती भर घालण्याची. चपाती-भाजी आहे तशी, वर उसळ, वर काकडी, वर सुका मेवा, वर दही. डबा जड होतो आणि जड डबा अर्धा परत येतो. आठ वर्षांच्या मुलीच्या पोटाला मर्यादा आहे, आणि त्याहून मोठी मर्यादा सुट्टीची आहे. वीस मिनिटांच्या सुट्टीत हात धुणं, डबा उघडणं, गप्पा आणि खेळायला पळण्याची घाई, यातून खाण्याला दहा-बारा मिनिटं राहतात. म्हणून मी आधी विचारते की काय काढायचं. जेवढं आत घालायचं, तेवढं बाहेर निघालं पाहिजे.

या डब्यात दोन चपात्या राहू दिल्या. बटाट्याची भाजी तिची आवडती आहे, ती काढायची नाही, निम्मी करायची. उरलेल्या जागेत अर्धी वाटी मटकीची उसळ. अर्धी वाटी उसळीला पंचवीस ग्रॅम कोरडी मटकी पुरते आणि तिच्यातून सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. छोट्या डबीत बिस्किटांऐवजी अर्ध्या पेरूच्या फोडी आणि शेंगदाणा-गुळाचा सुपारीएवढा लाडू. लाडूत शेंगदाणे पंधरा ग्रॅम, गूळ आठ ग्रॅम. गूळ म्हणजेही साखरच, हे विसरून चालत नाही, पण बिस्किटांतल्या साखरेच्या तो निम्मा आहे आणि सोबत शेंगदाण्याची चार ग्रॅम प्रथिनं येतात.

नवा हिशेब असा : चपात्यांच्या 230, बटाट्याच्या 55, मटकीच्या तेल-फोडणीसकट 100, पेरूच्या 35 आणि लाडवाच्या 115 कॅलरी. एकूण 535. म्हणजे आधीइतक्याच. प्रथिनं मात्र साडेनवांवरून साडेसतरांवर गेली आणि पंधरा ग्रॅम साखरेची आठ झाली. पेरूचा आणखी एक उपयोग आहे. कडधान्यातलं लोह शरीर फार थोडं उचलतं. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल तर ते जास्त उचललं जातं, आणि पेरूत ते संत्र्याहून कितीतरी जास्त असतं. म्हणून पेरू छोट्या सुट्टीत संपवण्याऐवजी दोन फोडी उसळीबरोबर खाल्ल्या तर अधिक चांगलं. पेरू नसेल त्या दिवशी उसळीवर पिळलेलं लिंबू हेच काम करतं.

कागदावर डबा सुधारला. फोटोही छान आला : पिवळा बटाटा, तपकिरी मटकीवर हिरवी कोथिंबीर, गुलाबी पेरू. आई समाधानी होती. मी दुसरा फोटो मागितला.

दुपारचा फोटो असा होता : बटाटा संपलेला, लाडू संपलेला, पेरूच्या दोन फोडी खाल्लेल्या आणि बाकीच्या तपकिरी पडलेल्या, मटकी जवळजवळ सगळी तशीच. एक चपाती खाल्लेली. दुसरीची एक कड मटकीच्या पाण्याने भिजून लगदा झालेली.

इथे "तिला मटकी आवडत नाही" असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. परत आलेला पदार्थ कोणत्या अवस्थेत आला, ते नीट बघितलं तर कारण बहुधा वेगळं निघतं. पदार्थाला हातच लागलेला नसेल, तर तो मुलाला अनोळखी वाटला, किंवा शेजारच्या मुलांसमोर उघडायला संकोच वाटला. एक-दोन घास खाऊन सोडला असेल, तर चव किंवा वास बदललेला असू शकतो. सगळ्या पदार्थांतलं थोडं थोडं उरलं असेल, तर डबाच मोठा आहे. चपातीचा मधला भाग खाऊन कडा ठेवल्या असतील, तर कडा वाळल्या आहेत. आणि फक्त गोड संपून बाकी सगळं राहिलं असेल, तर बहुतेक छोट्या सुट्टीतच भूक भागलेली असते.

या डब्यातली मटकी दोन-चार दाणे कमी होऊन परत आली होती. आईने संध्याकाळी मुलीला सहज विचारलं. मुलगी म्हणाली, "चमचा नव्हता. आणि चपातीत धरली की सांडते." घरी हीच उसळ ती ताटात कालवून खाते. शाळेत ताट नाही, डबा मांडीवर किंवा बाकाच्या कडेवर असतो आणि मोकळे दाणे घरंगळतात. शिवाय मोड आलेली मटकी चावायला वेळ लागतो. बारा मिनिटांत मुलीने जे पटकन जातं ते आधी खाल्लं. तिच्या बाजूने बघितलं तर ते बरोबरच होतं.

म्हणून पदार्थ तोच ठेवून रूप बदललं. मटकी कुकरमध्ये मऊ शिजवली, पाणी पूर्ण आटवलं, उकडलेल्या बटाट्याबरोबर चेचली, जिरं-धण्याची पूड, मीठ आणि लिंबू घातलं. तिला बटाट्याची चव ओळखीची होती, ती वर राहिली. हे सारण चपातीवर पातळ पसरून घट्ट गुंडाळी केली आणि तिचे तीन तुकडे केले. एका हातात धरता येतील असे, दोन-तीन घासांत संपतील असे. दोन चपात्यांचे सहा तुकडे. त्या दिवशीच्या दुसऱ्या फोटोत एक तुकडा उरला होता.

मुलांना डबा आवडावा म्हणून काय करावं, यावर चित्रांचे आणि साच्यांचे बरेच सल्ले मिळतात. चपातीचे तारे कापा, काकडीची फुलं करा. ते करायला हरकत नाही. पण डबा आकर्षक दिसायला हवा तो पाऊण वाजता, सकाळी सातला नाही. मधल्या पावणेसहा तासांत तो दप्तरात आडवा होतो, बसमध्ये हलतो, उन्हात तापतो. सकाळच्या फोटोतलं सौंदर्य तोवर टिकतं का, हे पालकांनी क्वचितच पाहिलेलं असतं. त्यासाठी मी रविवारची एक चाचणी सांगते. सकाळी सातला नेहमीसारखा डबा भरा, दप्तरात ठेवा, दप्तर दोन-चार वेळा उचलून आपटा, आणि पाऊण वाजता उघडून स्वतः खा. फोटोही काढा. एवढ्याने जे कळतं ते कुणी सांगून कळत नाही.

या चाचणीत बहुतेक घरी पहिलं लक्षात येतं ते पाणी. तव्यावरची चपाती गरम असतानाच डब्यात घालून झाकण लावलं की वाफ झाकणाला धरते, थेंब होऊन परत चपातीवर पडते, आणि चपाती ओलसर, चिकट होते. चपात्या आधी जाळीवर किंवा सुती फडक्यावर निवू द्याव्यात, मग तूप लावून घडी घालावी. याउलट चपाती फार उघडी राहिली तर वाळते. कणीक थोडी सैल आणि तेल किंवा दूध घालून मळली तर चपाती दुपारपर्यंत मऊ राहते. दुसरं पाणी असतं काकडी-टोमॅटोचं. चिरून मीठ लावलं की दोन्हींना पाणी सुटतं. काकडीच्या लांब, जाड फोडी मीठ न लावता वेगळ्या डबीत द्याव्यात. टोमॅटो डब्यात चिरून देऊच नये, भाजीत शिजवून आटवावा. तिसरं म्हणजे फळाचा रंग. सफरचंद आणि पेरू चिरल्यावर हवेने तपकिरी पडतात. फोडींना लिंबाचा रस चोळला किंवा मिठाच्या पाण्यातून काढून निथळल्या तर बराच वेळ टिकतात. केळं, चिकू, संत्रं आख्खंच द्यावं. संत्र्याची साल काढायला लहान मुलांना वेळ लागतो, म्हणून सालीला घरी एक चीर देऊन ठेवावी.

वासाचाही विचार करावा लागतो. बंद डब्यात कांदा, मुळा, कोबी आणि अंडं यांचा वास साठतो आणि झाकण उघडल्याबरोबर आजूबाजूला पसरतो. तिसरी-चौथीतल्या मुलांना त्याची फार लाज वाटते. हे पदार्थ पौष्टिक आहेत, पण त्यांची जागा घरच्या जेवणात आहे.

अंड्याबाबत दुसरंही कारण आहे. शिजवलेलं अन्न पाच ते साठ अंश तापमानात राहिलं की त्यात जंतू वाढू लागतात, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात दप्तरातला डबा पूर्ण वेळ याच पट्ट्यात असतो. त्यामुळे पावणेसहा तासांच्या डब्यासाठी अंडं, पनीर, ओल्या खोबऱ्याची चटणी, मासे हे मी सुचवत नाही. ते सकाळच्या नाश्त्याला किंवा रात्री द्यावेत. मोडाचं कडधान्यही कच्चं देऊ नये. ज्या ओलाव्यात आणि उबेत मोड येतात, त्याच ओलाव्यात जंतूही वाढतात. ते पूर्ण शिजवावं. रात्रीचा उरलेला भात फोडणी देऊन डब्यात घालायची पद्धत आहे. भात रात्री तासाभरात फ्रिजमध्ये गेला असेल आणि सकाळी वाफ येईपर्यंत तापवला असेल, तरच ते चालेल. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात जे विष तयार होतं, ते पुन्हा तापवून जात नाही. उष्णता टिकवणारा डबा असेल तर त्यात अन्न कडकडीत गरमच भरावं. कोमट अन्न अशा डब्यात तासन्‌तास कोमट राहतं, आणि जंतूंना तेच हवं असतं.

दहीभात द्यायचा झाला तर आपल्या आज्यांची रीत उत्तम आहे. मऊ भातात निवलेलं दूध भरपूर आणि दही फक्त चमचाभर घालायचं. दुपारपर्यंत त्याचं डब्यातच दही लागतं. भात आंबट होत नाही आणि कोरडाही पडत नाही. मेतकूट किंवा भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट सोबत दिलं तर डाळीची बाजूही सांभाळली जाते.

मटकीची गुंडाळी चालली म्हणून ती रोज द्यायची नाही, हे आईला आधीच सांगून ठेवलं होतं. आपण आवडलेली गोष्ट लागोपाठ देतो आणि तिसऱ्या आठवड्यात मूल तिला कंटाळतं. आठवड्यात डाळ चार-पाच वेगळ्या रूपांत यावी. भाजणीचं थालीपीठ यासाठी मला सर्वांत आवडतं, कारण भाजणीत धान्य आणि डाळी आधीच एकत्र असतात. दुधी किंवा मेथी त्यातच जाते आणि ते हाताने खाता येतं. मुगाचं धिरडं, पातळ थापून वाफवलेली आणि थोड्या तेलावर परतलेली कोथिंबीर वडी, कणकेत चौथा भाग बेसन घालून केलेला पालकाचा पराठा, उडीद-तांदळाची इडली फोडणी देऊन, ही सगळी पदार्थांची नावं आपल्या घरांत आहेतच. फोटोत त्यांतलं काही दिसत नाही, कारण सकाळी सातला वेळ नसतो. म्हणून मी रात्रीच्या स्वयंपाकाकडे बघायला सांगते. रात्री मूग भिजले तर सकाळी धिरडं दहा मिनिटांत होतं. रविवारी लाडू वळून ठेवले तर आठवडाभर छोट्या सुट्टीचा प्रश्न सुटतो. भाजणी दळून आणली तर महिन्याभराचा.

नवा पदार्थ डब्यात पहिल्यांदा देऊ नये, हेही अनुभवाने ठरवलेलं आहे. शाळेत मूल एकटं असतं, भूक लागलेली असते आणि दुसरा पर्याय नसतो. नव्या चवीची ओळख घरी, रात्रीच्या ताटात, चमचाभर करून द्यावी. मुलांच्या खाण्यावर अनेक वर्षं काम केलेल्या लीअन बर्च या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी दाखवलं होतं की अनोळखी पदार्थ मुलांनी आपलासा करायला तो पुन्हा पुन्हा, कितीतरी वेळा चाखावा लागतो. आपण दोनदा देऊन सोडून देतो. घरी पाच-सात वेळा ताटात येऊन गेलेली गोष्ट डब्यात गेली की ती अनोळखी राहत नाही.

बिस्किटांचा विषय नाजूक होता. एका दिवसात चारही काढली असती तर मुलीने मैत्रिणीच्या डब्यातून घेतली असती. पहिल्या आठवड्यात लाडवाबरोबर दोन बिस्किटं राहिली, पुढे शुक्रवारपुरती. शेंगदाण्याचा लाडू देण्याआधी आईने वर्गशिक्षिकेला विचारून घेतलं, कारण वर्गात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर तो डब्यात देता येत नाही. तसं असेल तर फुटाण्याचा लाडू किंवा राजगिऱ्याची वडी द्यावी. बालवाडीतल्या मुलांना आख्खे शेंगदाणे आणि आख्खी द्राक्षं देऊ नयेत, ती घशात अडकतात.

फोटोला काय दिसत नाही, तेही लक्षात असू द्यावं. मीठ दिसत नाही. तेल अर्धंच दिसतं, वर चकाकणारं कळतं, आत मुरलेलं कळत नाही. कणकेत मिसळलेलं सोयाबीन किंवा नाचणीचं पीठ दिसत नाही, त्यामुळे साधा दिसणारा पराठा खरं तर भरगच्च असू शकतो. म्हणून फोटोबरोबर मी नेहमी विचारते की कणकेत काय आहे, सकाळी दूध-नाश्ता काय झाला, संध्याकाळी घरी आल्यावर पहिल्यांदा काय खाल्लं. सकाळी अंडं आणि दूध घेऊन गेलेल्या मुलीच्या डब्यातल्या डाळीची उणीव तितकी गंभीर नसते. आणि मूल लवकर दमतं, फिकट दिसतं, वर्षभरात उंची-वजन हललेलं नाही, असं असेल तर डबा बदलत बसू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावं, रक्त तपासावं. तो निदानाचा प्रश्न आहे आणि कुठल्याही फोटोत त्याचं उत्तर नसतं.

दोन आठवड्यांचे दुसरे फोटो शेजारी शेजारी ठेवले तेव्हा एक गोष्ट दिसली. मंगळवारी आणि गुरुवारी डबा जास्त परत येत होता, मग आत काहीही असो. चौकशी केली तर त्या दोन दिवशी मोठ्या सुट्टीनंतर लगेच खेळाचा तास होता आणि मुली लवकर मैदानावर जायच्या. त्या दिवशीचा डबा मुद्दाम लहान केला : दीड चपातीची गुंडाळी, बस्स. उरलेली अर्धी चपाती आणि वाटीभर दही घरी आल्यावर. परत येणं थांबलं.

शेवटी रिकाम्या डब्याबद्दल. डबा चाटूनपुसून रिकामा आला की आई-वडील समाधानी होतात, पण त्याचा अर्थ मुलीनेच सगळं खाल्लं असा होत नाही. मुलं वाटून खातात, अदलाबदल करतात, कधी कचऱ्याच्या डब्यात टाकतात. "संपवलास का?" असं विचारलं की "हो" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी "आज कुणाच्या डब्यात काय होतं?" असं विचारायला मी सांगते. मुलगी सांगते की अमुकच्या डब्यात डोसा होता, मी तिला माझे दोन तुकडे दिले आणि तिचा अर्धा डोसा घेतला. त्यातून ती काय खाते ते कळतं, तिला काय हवंय ते कळतं, आणि पुढच्या आठवड्यात एक दिवस डोसा करायचा हेही ठरतं.